पीआरची फाइल चालू असताना कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा: हेतू लपवायचा की सांगायचा?

सप्रेम नमस्कार. मी वडोदऱ्याला दांडिया बाजारात राहते, एका औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये केमिस्ट आहे. लग्न फेब्रुवारीत झालं. मिस्टर कॅनडात हॅमिल्टनला असतात, पीआर म्हणजे तिथले कायम रहिवासी आहेत. त्यांनी एप्रिलमध्ये माझी स्पॉन्सरशिपची फाइल टाकली. अर्ज मिळाल्याची पोच म्हणजे एओआर आलं, त्यांचं स्पॉन्सर म्हणून अप्रूव्हल आलं, माझं मेडिकलही झालं. पुढे हालचाल नाही. त्यांना रजा मिळत नाही, म्हणून दिवाळीला पाच आठवडे मीच जावं असं घरात ठरतंय. न्यू जर्सीचे काका म्हणतात, पीआर पेंडिंग असताना व्हिजिटर मागितला की रिजेक्टच होतो, तुझा इमिग्रंट इंटेंट आधीच सिद्ध झालाय. अलकापुरीतला एजंट म्हणतो, फाइलचं नाव काढू नका, पासपोर्टवर माहेरचंच नाव आहे तर सिंगल लिहू, टूरिझम दाखवू. बाबांनी माझ्या खात्यात चार लाख टाकून ठेवलेत. अर्ज करू का? आणि यामुळे पीआरची फाइल तर बिघडणार नाही ना?
— एक वाचक, वडोदरा

अर्ज जरूर करा, आणि पीआरची फाइल चालू असल्याचं त्यात स्वतःहून, पहिल्याच परिच्छेदात सांगा. एजंटाकडे पासपोर्ट किंवा सही केलेले कागद दिले असतील तर आधी ते परत घ्या. व्हिसा नाकारला गेला तर पुन्हा अर्ज करता येतो. पण ‘सिंगल’ लिहून मिळवलेला व्हिसा तुमची पीआरची फाइलच बुडवू शकतो.

काका सांगतात ते अगदीच हवेतलं नाही, पण ते अमेरिकेबद्दल खरं आहे. अमेरिकेच्या कायद्यात, २१४(ब) या कलमात, व्हिजिटर व्हिसा मागणारा माणूस कायमचा राहायलाच येतोय असं गृहीत धरतात आणि तसं नाही हे त्यानं सिद्ध करायचं असतं. नात्यातल्या कोणी ग्रीन कार्डसाठी अर्ज टाकलेला असेल तर तिथे ते सिद्ध करणं अवघड होऊन बसतं. कॅनडाचा कायदा दुसरीकडून सुरुवात करतो. तिथल्या इमिग्रेशन कायद्याचं कलम २२(२) असं सांगतं की एखाद्याला कायमचं रहिवासी व्हायचं आहे एवढ्यावरून त्याला तात्पुरता रहिवासी होण्यापासून अडवता येत नाही. अट एकच, मिळालेल्या मुदतीच्या शेवटी तो देश सोडेल अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. याला तिथे ‘ड्युअल इंटेंट’ म्हणतात. म्हणजे ‘मला पुढेमागे इथे राहायचं आहे’ आणि ‘या वेळी मी वेळेवर परत जाईन’ ही दोन्ही वाक्यं एकाच अर्जात खरी असू शकतात, आणि कायद्याला ते मान्य आहे.

त्यामुळे तुमचा कायम राहण्याचा हेतू आहे का, हा प्रश्न अधिकाऱ्यासमोर उरतच नाही. तो आहे, नवऱ्याने सरकारी फी भरून तो कळवलाही आहे. अधिकारी दुसरंच तपासतो: उद्या पीआर लांबलं किंवा नाकारलं गेलं, तर ही बाई मुदत संपायच्या आत विमानात बसेल का? कॅनडाच्या नियमावलीतलं कलम १७९(ब) याबद्दलच आहे, आणि बहुतेक नकारपत्रांत याच कलमाचा आकडा असतो. अधिकाऱ्यांना दिलेल्या मार्गदर्शनात काय पाहायचं तेही सांगितलेलं आहे: किती दिवस राहणार, खर्च कोण करणार, मायदेशी कोणत्या जबाबदाऱ्या आहेत, जाण्याचं कारण काय, कागद विश्वास ठेवण्यासारखे आहेत का, आणि आधी कुठे नियम मोडलेत का. तुमचा सगळा अर्ज या एका प्रश्नाचं उत्तर म्हणून रचायचा. ‘मी भारतावर किती प्रेम करते’ छापाची वाक्यं तिथे कोणी वाचत नाही.

आता लपवण्याबद्दल. पीआरच्या फाइलबरोबर तुम्हाला यूसीआय हा ओळख क्रमांक मिळाला आहे; तो एओआरच्या पत्रावर असतो. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्यात तुमचं सगळं या एका क्रमांकाखाली एकाच यंत्रणेत साठतं. व्हिजिटरचा अर्ज उघडणाऱ्या अधिकाऱ्याला नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांकावरून शेजारीच एफ अक्षराने सुरू होणारी तुमची कौटुंबिक फाइल दिसते, लग्नाच्या फोटोंसकट. व्हिजिटरच्या फॉर्ममध्ये, म्हणजे आयएमएम ५२५७ मध्ये, सरळ प्रश्न आहे: तुम्ही यापूर्वी कॅनडात येण्यासाठी किंवा राहण्यासाठी अर्ज केला आहे का? तुमचं उत्तर ‘हो’ हेच आहे. ‘पीआरची फाइल नवऱ्याने टाकली, मी नाही’ ही पळवाट इथे चालत नाही. त्यांनी स्पॉन्सर म्हणून अर्ज केला. पीआरच्या अर्जावर अर्जदार म्हणून तुमचं नाव आणि तुमची सही आहे.

खोटं पकडलं गेलं की खातं आधी एक पत्र पाठवतं: अमुक माहिती जुळत नाही, इतक्या दिवसांत खुलासा करा. खुलासा पटला नाही तर कलम ४० लागतं, म्हणजे खोटी माहिती दिल्याबद्दल पाच वर्षं कॅनडाची दारं बंद, आणि त्या पाच वर्षांत पीआरचा अर्जसुद्धा करता येत नाही. तुमच्या बाबतीत आणखी एक धोका आहे, तो एजंटाच्या डोक्यातही आला नसेल. पीआरच्या फाइलमध्ये तुमचं लग्न खरं आहे का, हाच मुख्य प्रश्न तपासला जातो. एका फॉर्मवर ‘विवाहित, फेब्रुवारीत लग्न’ आणि काही महिन्यांनी दुसऱ्या फॉर्मवर ‘अविवाहित’ असं तुमच्याच सहीनिशी आलं, तर त्या लग्नावरच संशय घ्यायला तुम्ही स्वतः कागद पुरवलात असं होईल.

फॉर्म एजंटाने भरला, मला माहीत नव्हतं, हेही ऐकून घेतलं जात नाही. सही तुमची, जबाबदारी तुमची. पैसे घेऊन कॅनडाच्या अर्जात प्रतिनिधित्व करण्याचा अधिकार तिथले वकील आणि पॅरालीगल, क्यूबेकचे नोटरी आणि तिथल्या इमिग्रेशन सल्लागारांच्या कॉलेजचे परवानाधारक सदस्य यांनाच आहे. त्या कॉलेजची सदस्य-यादी कोणालाही ऑनलाइन पाहता येते. असा परवाना असलेला माणूस आयएमएम ५४७६ हा फॉर्म भरून उघडपणे तुमचा प्रतिनिधी होतो. जो हा फॉर्म भरायला नको म्हणतो आणि ‘तुमच्याच नावाने टाकू’ म्हणतो, त्याला उद्या कोणालाच उत्तर द्यायचं नाही. तुमचा अर्ज तसा सरळ आहे, तुम्ही दोघं मिळून भरू शकता.

नावाचा घोळ मात्र आत्ताच निस्तरा, कारण मराठी घरांत तो हमखास असतो. पासपोर्टवर माहेरचं आडनाव आणि मधे वडिलांचं नाव, लग्नानंतर बदललेल्या आधारवर मधे नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, बँकेत तिसरंच. दोन्ही अर्ज पासपोर्टवरच्या नावानेच करायचे, आणि ‘दुसरं कुठलं नाव वापरलं आहे का’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणून सासरचं नाव लिहायचं. पत्रात एक ओळ घाला की दोन्ही नावं तुमचीच आहेत, आणि महानगरपालिकेच्या विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र जोडा. फाइल चालू असताना पासपोर्टवरचं नाव बदलायला जाऊ नका. बदलावंच लागलं तर दोन्ही अर्जांना लगेच कळवा.

मग पीआरची जी प्रत तुम्ही जपून ठेवली असेल ती समोर ठेवूनच व्हिजिटरचा फॉर्म भरा. नोकरीला लागल्याची तारीख, मागचे पत्ते, भावंडांची माहिती, लग्नाची तारीख, नवऱ्याचा पत्ता, सगळं ओळीने जुळलं पाहिजे. लग्न आणि नोंदणी वेगवेगळ्या दिवशी झाली असेल तर एका फॉर्मवर विधीची आणि दुसऱ्यावर नोंदणीची तारीख पडते. यात खोटं काही नसतं, पण खुलासा मागणारं पत्र यायला तेवढं पुरतं. मधल्या काळात नवऱ्याने घर बदललं असेल तर नवा पत्ता आधी पीआरच्या फाइलमध्ये वेबफॉर्मने कळवा, मगच व्हिजिटरच्या अर्जात लिहा.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो खुलाशाच्या पत्राला. एक पान पुरे. इंग्रजीतच लिहायचं, पण आधी मराठीत विचार करून मुद्दे लावून घ्या. सुरुवात साधारण अशी होईल:

‘माझे पती कॅनडाचे कायम रहिवासी असून हॅमिल्टन येथे राहतात. त्यांनी स्पॉन्सर केलेला माझा पीआर अर्ज (अर्ज क्रमांक अमुक, यूसीआय अमुक) प्रलंबित आहे. स्पॉन्सर म्हणून त्यांना अमुक तारखेला मंजुरी मिळाली आहे. कायदा कलम २२(२) नुसार या अर्जाचा विचार व्हावा अशी विनंती आहे. मी १ नोव्हेंबर ते ६ डिसेंबर या काळात पतीसोबत दिवाळी साजरी करण्यासाठी येऊ इच्छिते आणि ९ डिसेंबरला, बुधवारी, माझ्या नोकरीवर रुजू होणार आहे.’

पुढचा परिच्छेद ‘तुम्हीच का जाता’ याचा. ‘त्यांना रजा नाही’ हे खरं आहे, पण एवढं त्रोटक लिहू नका. तुमचे पती नागरिक नाहीत, पीआर आहेत. आणि पीआर असलेल्या स्पॉन्सरने फाइल चालू असताना कॅनडात राहणं कायद्याने आवश्यक असतं. परदेशात राहून जोडीदाराला स्पॉन्सर करण्याची मुभा फक्त नागरिकांना आहे. म्हणजे त्यांनी भारतात येऊन लांबलचक राहणं शक्यच नाही, त्यात कंपनी रजा देत नाही. भेटीचा मार्ग तुमच्या बाजूनेच निघतो. हे कारण अधिकाऱ्याला चटकन कळतं, कारण तो नियम त्याचाच आहे.

तिसऱ्या परिच्छेदात ते वाक्य हवं ज्यावाचून असे अर्ज पडतात: ‘माझ्या भेटीच्या काळात पीआरचा निर्णय झाला नाही, किंवा तो नकारार्थी आला, तरी मी मंजूर मुदतीच्या आत भारतात परतेन.’ आणि लगेच त्याखाली, कशाच्या जोरावर हे म्हणता ते: नोकरी, त्यातली तुमची जबाबदारी, कोण तुमच्यावर अवलंबून आहे, आणि हेही की तुमचं पुढचं सगळं आयुष्य ज्या अर्जावर उभं आहे तो सुरू असताना मुदत मोडून स्वतःच्या नावावर नियमभंगाची नोंद करून घेण्यात तुमचाच तोटा आहे. हा शेवटचा मुद्दा लोक लिहायला कचरतात. पीआरची फाइल म्हणजे दुबळी बाजू असं त्यांना वाटत राहतं. प्रत्यक्षात कायद्याच्या रांगेत नीट उभी असलेली बायको आडवाटेने घुसणार नाही, हे सांगायला त्या फाइलइतका चांगला पुरावा नाही. म्हणूनच एओआर, स्पॉन्सरच्या मंजुरीचं पत्र आणि मेडिकल झाल्याचा कागद व्हिजिटरच्या अर्जालाही जोडा. कॅनडाच्या खात्याने मे २०२३ मध्ये स्पॉन्सरशिपची फाइल चालू असलेल्या जोडीदारांचे व्हिजिटर अर्ज जलद हाताळण्याची वेगळी पद्धत जाहीर केली होती. तुमची फाइल त्यात मोडते हे अधिकाऱ्याला कळायला हवं, तर ती सांगावी लागेल.

नोकरीच्या पत्रात बहुतेकांचं चुकतं. एचआरवाले ठरलेलं पत्र देतात: ‘या आमच्याकडे अमुक पदावर आहेत, त्यांना परदेशी जाण्यास आमची हरकत नाही.’ हे हरकत नसल्याचं पत्र झालं, परत यायचं आहे हे त्यातून कळत नाही. तुम्हाला हवं आहे ते असं: पद, कधीपासून, पगार, कायम की करारावर, अमुक ते अमुक तारखांची रजा मंजूर, आणि ९ डिसेंबरला कामावर रुजू होणं अपेक्षित. खाली सही करणाऱ्याचं नाव, पद, थेट फोन आणि कंपनीचा ईमेल. सोबत मागच्या सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि फॉर्म १६. क्यूसीमध्ये तुमच्याकडे एखादं उपकरण किंवा ऑडिटची जबाबदारी असेल तर ती पत्रात एका वाक्यात येऊ द्या. ‘कर्मचारी’पेक्षा ‘डिसेंबरच्या ऑडिटसाठी एचपीएलसीच्या नोंदी यांच्याकडे आहेत’ हे वजनदार आहे, अर्थात ते खरं असेल तरच.

इथे एक प्रश्न तुम्ही दोघांनी बसून सोडवला पाहिजे. खरा बेत पाच आठवड्यांचाच आहे ना? की ‘एकदा पोचले की पीआर येईपर्यंत तिथेच राहू’ असं मनात आहे? दुसरा बेतही बेकायदा नाही. पण मग अर्ज वेगळा होतो: काळ जास्त लिहायचा, नोकरीचं काय करणार ते सांगायचं, आणि पीआर नाकारलं गेलं तर परत कशी येणार ते दाखवायचं. पाच आठवड्यांची रजा दाखवून आतून राजीनाम्याची तयारी करणं, हे मात्र खोटं विधान होतं. दोन्हींपैकी एक बेत निवडा आणि सगळे कागद त्याच बेताचे असू द्या. आमच्या मते तुमच्यासाठी पाच आठवड्यांचा बेत भक्कम आहे, कारण त्याला रजेच्या पत्राचा आधार आहे.

आता बाबांचे चार लाख. हेतू चांगला, पण खात्याच्या उताऱ्यावर ते असं दिसतं: सहा महिने शिल्लक दीड-दोन लाखांच्या आसपास, मग एका दिवशी एकदम चार लाख जमा, आणि आठवड्याभरात व्हिसाचा अर्ज. अशा रकमेला अधिकारी तुमचे पैसे मानत नाही, दाखवण्यापुरते आणून ठेवलेले मानतो, आणि मग बाकीच्या कागदांकडेही त्याच नजरेने पाहतो. मुळात व्हिजिटरसाठी अमुक इतकी शिल्लक हवी असा ठरलेला आकडा कॅनडाने दिलेला नाही. किती दिवस राहणार आणि कोणाकडे राहणार यावर ते ठरतं. तुम्ही नवऱ्याच्या घरी राहणार आहात, तिकीट आणि घरखर्च ते करणार असतील तर तसंच लिहा. त्यांच्या पगाराच्या पावत्या, नोकरीचं पत्र, करनिर्धारणाची नोटीस आणि घराचा भाडेकरार जोडा. बाबांची रक्कम एकतर परत करा, नाहीतर ठेवायचीच असेल तर बाबांचं दोन ओळींचं भेटपत्र आणि त्यांच्या खात्याचा उतारा जोडून ती कुठून आली ते उघड सांगा. परत केली तरी उताऱ्यावर ती येऊन गेलेली दिसेलच, म्हणून एक ओळ खुलाशाची दोन्ही परिस्थितींत लागेल.

नवऱ्याच्या निमंत्रणपत्रात त्यांचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, फोन, काम, पीआर असल्याचा पुरावा, घरात किती माणसं राहतात, तुम्ही कधी येणार, कुठे राहणार, खर्च कोण करणार आणि कधी परत जाणार एवढं हवं. त्यातल्या तारखा तुमच्या पत्राशी आणि रजेच्या पत्राशी जुळल्या पाहिजेत. तिघांनी तीन तारखा लिहिल्याने अर्ज अडतात. मोठी कारणं त्यामानाने कमी असतात. विमानाचं तिकीट आधी काढू नका, नुसता प्रवासाचा आराखडा जोडा. व्हिसा यायच्या आत काढलेलं, पैसे परत न मिळणारं तिकीट अधिकाऱ्यावर काही प्रभाव टाकत नाही.

फी १०० कॅनेडियन डॉलर, आणि बोटांचे ठसे द्यायचे असतील तर आणखी ८५. ठसे दिल्यावर ते तात्पुरत्या व्हिसासाठी दहा वर्षं चालतात. पीआरच्या फाइलसाठी तुम्ही दिले असतील तर ८५ भरण्याआधी खात्याच्या संकेतस्थळावर आपले ठसे अजून वैध आहेत का ते पाहून घ्या. द्यावे लागले तर वडोदऱ्याहून सोयीचं केंद्र अहमदाबादचं. नोव्हेंबरला जायचं तर ऑगस्टच्या सुरुवातीला अर्ज गेलेला बरा, म्हणजे काही मागितलं तरी वेळ हाताशी राहतो.

व्हिसा मिळाला म्हणजे आत जायची परवानगी मिळाली असं नाही. विमानतळावरचा अधिकारी पुन्हा तेच तपासतो. टोरंटोला उतरल्यावर ‘कोणाकडे आलात’ विचारलं तर ‘फ्रेंड’ किंवा ‘फॅमिली’ असं गुळमुळीत नको. ‘नवऱ्याकडे, पाच आठवडे, पीआरची फाइल चालू आहे, ६ डिसेंबरला परतीचं तिकीट आहे’, एवढं एका दमात सांगा. रजेचं पत्र, परतीचं तिकीट आणि एओआर हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको. सामानाचाही विचार करा. पाच आठवड्यांसाठी आलेल्या बाईच्या बॅगेत मूळ पदव्या, अनुभवाची प्रमाणपत्रं आणि बायोडेटाच्या दहा प्रती निघाल्या, तर तोंडाने सांगितलेल्या पाच आठवड्यांवर कोणाचा विश्वास बसणार? सासूबाईंनी दिलेली कुकर-कढई आणि हिवाळ्याच्या रजयाही पीआर आल्यानंतरच्या फेरीला न्या. फराळ नेत असाल तर खाद्यपदार्थ आहेत असं कार्डावर किंवा यंत्रावर जाहीर करा.

शिक्क्याखाली तारीख लिहिली नसेल तर प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिने राहता येतं. लिहिली असेल तर तीच मुदत. पासपोर्टवर चिकटवलेल्या व्हिसावरची शेवटची तारीख आणि राहण्याची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत होऊन लोक नकळत मुदत ओलांडतात. काही कारणाने जास्त राहायचं झालंच तर मुदत संपण्याच्या निदान ३० दिवस आधी तिथूनच वाढीचा अर्ज करायचा. वेळेत केलेल्या अर्जावर निर्णय येईपर्यंत तुमची व्हिजिटरची स्थिती टिकून राहते. व्हिजिटर म्हणून तिथे नोकरी मात्र करता येत नाही. नवऱ्याच्या ओळखीच्या दुकानात ‘नुसता हात लावणं’सुद्धा नाही.

तुमची पीआरची फाइल ज्या वर्गात आहे तिला या भेटीने धक्का लागत नाही. ती भारतात राहणाऱ्या जोडीदाराची कौटुंबिक वर्गातली फाइल आहे. तुम्ही भेटीला गेल्याने ती बंद होत नाही आणि तिथे जाऊन ती मागे घेऊन ‘इनलँड’ने, म्हणजे कॅनडातच राहणाऱ्या जोडीदाराच्या वर्गात, नवी टाकायची काही गरज नाही. उलट, कौटुंबिक वर्गात नकार आला तर स्पॉन्सरला तिथल्या अपील मंडळाकडे जाता येतं, इनलँड वर्गात ती सोय नाही. भेटीच्या काळात खात्याने काही मागितलं तर मुदतीत उत्तर देता यावं म्हणून ईमेल रोज बघा, आणि पाच आठवडे कुठे आहात ते वेबफॉर्मने कळवून ठेवा.

व्हिजिटर नाकारला गेला तर? १७९(ब) खालचा नकार म्हणजे ‘या वेळी खात्री पटली नाही’ एवढंच; त्यावरून पीआर नाकारता येत नाही. पुढच्या प्रत्येक फॉर्ममध्ये मात्र ‘कधी व्हिसा नाकारला गेला का’ याला ‘हो’ लिहावं लागेल. जुलै २०२५ च्या अखेरीपासून कॅनडाचं खातं व्हिजिटरच्या नकारपत्रासोबत अधिकाऱ्याच्या टिपणाचा भागही देऊ लागलं आहे. टिपण नसेल आलं तर नवरा तिथला रहिवासी म्हणून माहितीच्या अधिकारात पाच डॉलर भरून तुमच्या संमतीने तुमच्या फाइलची सगळी टिपणं मागवू शकतो. टिपणात काय लिहिलंय त्यावर पुढचं पाऊल ठरवा. ‘खात्यातली मोठी रक्कम अस्पष्ट’ असं असेल तर कागद बदलून पुन्हा अर्ज करा, त्याला थांबण्याची सक्ती नाही. तेच कागद पुन्हा टाकले तर उत्तरही तेच येतं. पण ‘पतीशी घट्ट नातं कॅनडात आहे’ एवढंच कारण देऊन, पीआरच्या फाइलचा किंवा २२(२) चा उल्लेखही न करता नाकारलं असेल, तर ती अधिकाऱ्याच्या विचारातली उणीव आहे. त्यासाठी फेडरल कोर्टात दाद मागता येते. कॅनडाबाहेर दिलेल्या निर्णयासाठी मुदत ६० दिवसांची आहे आणि ती नकार कळल्याच्या दिवसापासून मोजतात, म्हणून टिपणं येण्याची वाट पाहत बसण्याआधी तिथल्या वकिलाला नकारपत्र पाठवून ठेवा. तुम्ही खुलाशाच्या पत्रात फाइल आणि कलम दोन्ही लिहिलेलं असेल, तरच हा मुद्दा त्या वकिलाच्या हाती लागेल.